ऑर्डर पिकिंग: एकेक, बॅच, झोन की वेव्ह? नव्या गोदामासाठी हिशोबासकट मार्गदर्शन

गोदामात नव्याने रुजू झालेल्या सुपरवायझरला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसते. पिकरचा, म्हणजे ऑर्डरींचा माल रॅकमधून काढणाऱ्याचा, हात मालाला लागतो तो जेमतेम काही सेकंद. उरलेला सगळा वेळ तो चालत असतो, बिन, म्हणजे मालाचा कप्पा, शोधत असतो, नाहीतर टोट, म्हणजे मालाचा क्रेट, घेऊन पॅकिंग टेबलाकडे येत असतो. पिकिंगची पद्धत बदलायची ती बहुधा या चालण्यावर तोडगा म्हणून. मात्र चालणं वाचवलं की त्याची किंमत दुसरीकडे कुठेतरी मोजावी लागते. बहुतेक वेळा ती माल वेगळा करताना, म्हणजे सॉर्टिंगला, मोजावी लागते. कोणती पद्धत घ्यायची हे ठरवताना एवढंच बघायचं: किती चालणं वाचलं आणि त्यापायी किती सॉर्टिंग वाढलं.

भिवंडीकडे जशी मध्यम आकाराची गोदामं असतात, तसं एक गोदाम उदाहरणासाठी घेऊ. आकडे हिशोबापुरते धरलेले आहेत, तुमच्याकडे तुमचे घाला. शॅम्पू, फेस वॉश, उटणं, साबण असा माल आहे. रॅकच्या ८ गल्ल्या आहेत, प्रत्येक २५ मीटर लांब, आणि समोर आडवा २८ मीटरचा पट्टा. पॅकिंग टेबलं त्या पट्ट्याच्या मध्यावर. रोज ५०० ऑर्डरी येतात.

पहिली पायरी: ऑर्डरींचा स्वभाव बघा

पद्धतीचा विचार करण्याआधी मागच्या ३० दिवसांचा ऑर्डर डेटा काढा. त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एका ऑर्डरमधला एक माल असतो. ऑर्डर नंबर A कॉलममध्ये असेल तर बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये हे टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF(A:A,A2)
```

जिथे उत्तर १ येतं ती एका ओळीची ऑर्डर. तिच्यातही नग एकच आहे का ते संख्येच्या कॉलमवरून तपासा, कारण दोन शॅम्पूंची ऑर्डर एका ओळीची असली तरी एका नगाची नाही. ज्या ऑर्डरमध्ये खरोखर एकच नग आहे तिला गोदामात ‘सिंगल’ म्हणतात, बाकीच्या ‘मल्टी’.

आपल्या उदाहरणात ३०० सिंगल आहेत आणि २०० मल्टी. मल्टीत सरासरी ३ ओळी धरल्या तर दिवसाला ३०० अधिक ६००, म्हणजे ९०० वेळा कुणाला तरी बिनपर्यंत जाऊन माल काढायचा आहे. सिंगल आणि मल्टीची ही फोड हाती नसताना ‘आपण बॅच सुरू करू’ असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा.

आणखी एक तपासणी याच वेळी करून घ्या. प्रत्येक बिनला स्वतःचा पत्ता हवा, जसं की गल्ली ३, रॅक १२, दुसरा कप्पा, आणि त्याच क्रमाने पिकलिस्ट, म्हणजे काढायच्या मालाची यादी, निघायला हवी. ‘उटणं त्या कोपऱ्यात असतं’ हे जुन्या माणसाच्या डोक्यात असेल तोवर चारपैकी एकही पद्धत चालणार नाही, कारण प्रत्येकीत सिस्टिम पिकरला वाट दाखवते.

एकेक ऑर्डर: सोपी, पण पायपिटीची

पिकर एक ऑर्डर घेतो, तिचा माल गोळा करतो, टेबलावर ठेवतो आणि पुढची घेतो. सॉर्टिंग मुळीच नाही. चूक झालीच तर ती एकाच ऑर्डरपुरती राहते. नवा माणूस तासाभरात शिकतो.

आता पायपीट मोजू. सिंगल ऑर्डरसाठी सरासरी जाऊन-येऊन ४० मीटर होतात. तीन ओळींच्या मल्टीला दोन-तीन गल्ल्यांत शिरावं लागतं, तिथे साधारण १०० मीटर धरू. ३०० सिंगलचे १२ किलोमीटर आणि २०० मल्टीचे २० किलोमीटर, मिळून ३२ किलोमीटर. ट्रॉली घेऊन माणूस सेकंदाला सुमारे एक मीटर चालतो, म्हणजे जवळपास ९ तास नुसतं चालणं. बिन शोधणं, स्कॅन करणं, माल टोटमध्ये ठेवणं यांना ओळीमागे १५ सेकंद दिले तर पावणेचार तास. नवी ऑर्डर उघडणं आणि आधीची टेबलावर देणं यात ऑर्डरमागे २५ सेकंद, म्हणजे साडेतीन तास. एकूण १६ तास. एका शिफ्टमध्ये माणसाकडून खरं काम साडेसहा तास होतं असं धरलं तर तीन पिकर लागतील.

दिवसाला शंभर-दीडशे ऑर्डरी असतील तर हीच पद्धत ठेवा, उगाच घोळ वाढवू नका. मोठ्या गोदामातही काही ऑर्डरी एकेकच काढाव्या लागतात: वीस-पंचवीस ओळींची ऑर्डर, काचेचा महागडा माल, किंवा ‘आजच हवं’ म्हणून घाईने आलेली ऑर्डर.

बॅच: इथेच बहुतेकांची बचत असते

शेजारच्या तिघींच्या याद्या घेऊन एकीनेच वाण्याकडे जावं, तशी ही पद्धत आहे. एका फेरीत अनेक ऑर्डरी काढायच्या. पण सिंगलची बॅच आणि मल्टीची बॅच ही दोन वेगळी कामं आहेत. ती कधीही मिसळू नका.

सिंगलची बॅच आधी लावा, कारण तिच्यात सॉर्टिंगचा खर्च शून्य असतो. ३० सिंगलचा माल एकाच टोटमध्ये एकत्र टाकायचा. पॅकर टेबलावर त्यातला कुठलाही नग उचलून स्कॅन करतो. त्या मालाची वाट बघणाऱ्या ऑर्डरींतली जी सर्वांत जुनी असेल तिचं लेबल सिस्टिम छापते. कुणाची बाटली कुणाची हा प्रश्नच येत नाही, कारण दोन्ही सारख्याच आहेत. सध्या जोरात खपणारा एखादा माल असेल आणि सकाळी त्याच्या साठ सिंगल आल्या असतील, तर साठ वेळा बिनपाशी जायची गरज नाही. खोकीच टेबलाशी आणून तिथेच पॅक करा.

मल्टीसाठी कप्प्यांची ट्रॉली लागते. तीन फळ्या, प्रत्येकीवर चार टोट, म्हणजे बारा ऑर्डरी. फेरी सुरू करताना प्रत्येक टोटचा बारकोड एकेका ऑर्डरशी जोडायचा. बिनपाशी गेल्यावर हातातला स्कॅनर सांगतो: २ नग घ्या, एक टोट ४ मध्ये, एक टोट ९ मध्ये. पिकर बिन स्कॅन करतो, टोट स्कॅन करतो, मग माल आत टाकतो. यात टोटचं स्कॅनिंग सक्तीचं ठेवा. घाईच्या दिवशी सर्वांत आधी तेच गळतं.

आता तोच हिशोब पुन्हा. सगळ्या गल्ल्यांतून नागमोडी गेलं तरी पूर्ण फेरी २५० मीटरची होते. सिंगलच्या १० फेऱ्या आणि मल्टीच्या १७, मिळून २७. चालणं पावणेसात किलोमीटरवर आलं, म्हणजे दोन तासांहून कमी. सिंगलला ओळीमागे तेच १५ सेकंद. मल्टीला टोट स्कॅन करण्याचे ५ सेकंद जास्त, म्हणून २०. दोन्ही मिळून साडेचार तासांच्या थोडं वर. फेरीची तयारी सिंगलला २ मिनिटं, मल्टीला टोट जोडायचे असल्यामुळे ४ मिनिटं, एकूण दीड तास. सगळं मिळून ८ तास.

चालणं ९ तासांवरून दोनवर आलं, पण एकूण वेळ निम्माच झाला. हातांचं काम तितकंच राहिलं, उलट टोट स्कॅनिंगमुळे थोडं वाढलं. ‘पिकिंग पाचपट वेगाने होईल’ अशी कल्पना करून माणसं कमी करणारे इथे फसतात.

बॅच किती मोठी घ्यावी? बारा ऑर्डरींच्या फेरीत प्रत्येक ऑर्डरच्या वाट्याला २१ मीटर चालणं येतं. चोवीस केल्या तर साडेदहा. वाचले साडेदहा मीटर, म्हणजे ऑर्डरमागे साधारण दहा सेकंद. पण चोवीस टोटांतून बरोबर टोट शोधायला प्रत्येक ओळीला तीन-चार सेकंद जास्त गेले, तर तीन ओळींच्या ऑर्डरमध्ये ते दहा सेकंद तिथेच संपतात. शिवाय ट्रॉली जड होते आणि पहिली ऑर्डर शेवटच्या ऑर्डरसाठी अडकून राहते. म्हणून बारापासून सुरुवात करा आणि मोजल्याशिवाय सोळाच्या वर जाऊ नका. बॅच मोठी करण्यापेक्षा जवळजवळचा माल असलेल्या ऑर्डरी एकत्र आणण्यात जास्त फायदा आहे. ज्या ऑर्डरींचा माल गल्ली १ ते ३ मध्येच आहे त्यांची वेगळी बॅच केली, तर फेरी शंभर-सव्वाशे मीटरवर येते.

दुसरा एक प्रकार म्हणजे आधी सगळा माल एकत्र काढून आणायचा आणि मग खणांच्या मांडणीत वाटायचा. प्रत्येक खण एका ऑर्डरचा असतो, आणि त्या मांडणीला ‘पुट वॉल’ म्हणतात. त्यात प्रत्येक नगाला पुन्हा एकदा हात लागतो, जागा लागते, वेगळा माणूस लागतो. रोज २०० मल्टी असतील तर ट्रॉलीवरचे टोट पुरतात. मल्टी हजारांत गेल्या आणि तोच तोच माल अनेक ऑर्डरींत येऊ लागला, की पुट वॉलचा विचार करा.

चूक कुठे झाली ते ओळखा

बॅचमध्ये दोन प्रकारच्या चुका होतात. त्यांचे उपाय वेगळे असल्यामुळे तक्रार आली की आधी प्रकार ओळखायचा.

पहिली चूक चुकीच्या टोटची. माल बरोबर उचलला, पण टोट ४ ऐवजी ९ मध्ये पडला. अशा वेळी तक्रारी जोडीने येतात. एका ग्राहकाला उटणं कमी मिळतं आणि दुसऱ्याला न मागवलेलं उटणं मिळतं. दोन्ही ऑर्डरींचा बॅच नंबर काढून बघा, तो एकच निघतो. न मागवलेलं मिळालेला ग्राहक बहुधा कळवत नाही, त्यामुळे ‘कमी मिळालं’ ही तक्रार एकटी आली तरी त्याच बॅचमधल्या इतर अकरा ऑर्डरी तपासा. पॅकिंगच्या वेळी प्रत्येक पार्सलचं वजन नोंदवलं जात असेल, तर अपेक्षेपेक्षा जड निघालेलं पार्सल लगेच सापडतं. उपाय: टोट स्कॅनिंग सक्तीचं, आणि पॅकिंगवर प्रत्येक नगाचं स्कॅनिंग.

दुसरी चूक चुकीचा माल उचलण्याची. १०० मिलीचा शॅम्पू हवा होता, २०० मिलीचा आला. ही तक्रार एकटी येते, आणि खूण स्टॉकमध्ये सापडते: शेजारच्या दोन बिनमध्ये एकात एक नग जास्त, दुसऱ्यात एक कमी. दोष मांडणीचा असतो. एकसारखी दिसणारी बाटली दोन मापांत असेल तर त्यांचे बिन शेजारी ठेवू नका, वेगळ्या रॅकमध्ये न्या. पिकरला रागावून ही चूक थांबत नाही, कारण बिनचा बारकोड स्कॅन झाला आणि हात मात्र शेजारी गेला असं यात होतं. बिनबरोबर नगाचाही बारकोड स्कॅन करायला लावा.

बिन रिकामा सापडला, म्हणजे ‘शॉर्ट’ आला, तर पिकरने तिथे उभं राहून शोधाशोध करायची नाही. स्कॅनरवर शॉर्ट नोंदवून फेरी पुढे न्यायची, आणि त्या मालाचा शोध स्टॉक बघणाऱ्याने घ्यायचा. एका नगासाठी अकरा ऑर्डरी अडवणं परवडत नाही.

झोन: माणसं एकमेकांना अडवू लागली की

झोनमध्ये गोदामाचे भाग पाडतात आणि प्रत्येक पिकर आपल्याच भागात राहतो. ऑर्डरचा टोट झोनमधून झोनमध्ये पुढे सरकतो, नाहीतर सगळे झोन एकाच वेळी आपापला वाटा काढतात आणि शेवटी तो एकत्र केला जातो.

दोन पिकरच्या गोदामात याचा उपयोग नाही. गल्ल्यांत गर्दी झाली की याची वेळ येते. दसरा-दिवाळीच्या सेलला ऑर्डरी चौपट होतात असं धरू, तर ३,६०० ओळी काढायला आठ माणसं ट्रॉल्या घेऊन फिरतात. गल्ली सव्वा मीटर रुंद असेल तर समोरासमोर आलेल्या दोन ट्रॉल्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. पिकर वाट मोकळी होण्याची वाट बघत उभे दिसू लागले, तर झोन पाडायची वेळ झाली.

झोन जागेवरून पाडायचे नाहीत, ओळींवरून पाडायचे. समजा दोन-दोन गल्ल्यांचे चार झोन केले आणि प्रत्येकात दोन माणसं दिली. पण पटापट खपणारा माल आपण गल्ली १ आणि २ मध्ये ठेवलेला आहे, आणि ३,६०० पैकी १,८०० ओळी तिथल्याच आहेत. पहिल्या झोनमधल्या दोघांवर माणशी ९००, बाकीच्या सहा जणांवर माणशी ३००. दुपारपर्यंत पहिल्या झोनसमोर टोटांची रांग लागते आणि बाकीचे रिकामे बसतात. बरोबर वाटणी अशी: गल्ली १ आणि २ चे दोन वेगळे झोन, प्रत्येकात दोघे. उरलेल्या सहा गल्ल्यांत मिळून चौघे. मग प्रत्येकावर साधारण ४५० येतात. सेलमध्ये खपणारा माल रोज बदलतो, म्हणून ही वाटणी रोज सकाळी आदल्या दिवशीच्या ओळी बघून करा. झोनच्या सीमेवरचे एक-दोन रॅक दोन्हीकडच्यांनी काढायचे असं ठरवलं, तर दिवसभरातला छोटा चढउतार आपोआप सांभाळला जातो.

झोनचा खरा धोका जोडणीच्या रॅकवर असतो, म्हणजे जिथे वेगवेगळ्या झोनमधले वाटे एकत्र येतात तिथे. तीन ओळींच्या ऑर्डरचा माल बहुधा दोन-तीन झोनमध्ये विखुरलेला असतो, आणि सर्वांत संथ झोन जितका वेळ घेईल तितका वेळ ती ऑर्डर थांबते. रॅकवरच्या प्रत्येक अर्धवट ऑर्डरवर ती पहिल्यांदा आली ती वेळ दिसायला हवी. अर्ध्या तासापेक्षा जुनी ऑर्डर कुणाच्या नावावर आहे, हे दर अर्ध्या तासाला एका ठरलेल्या माणसाने बघायचं. हा माणूस नेमल्याशिवाय झोन सुरू करू नका.

वेव्ह: गाडीच्या वेळेपासून उलटं मोजा

वेव्हची तुलना बाकी तिघींशी सरळ होत नाही. एकेक, बॅच आणि झोन सांगतात की माल कसा काढायचा. वेव्ह सांगते की कोणत्या ऑर्डरी कधी सोडायच्या. म्हणजे वेव्हच्या आत बॅच असू शकते, झोनही असू शकतो.

कुरियरची गाडी संध्याकाळी ५ ला येते आणि तिच्यात १८० ऑर्डरी जायच्या आहेत असं धरू. मागून मोजत या. हँडओव्हर स्कॅन आणि मॅनिफेस्ट, म्हणजे गाडीत जाणाऱ्या पार्सलांची यादी, पावणेपाचपर्यंत आटोपायला हवं, म्हणून पॅकिंग साडेचारला संपायला हवं. चार टेबलं तासाला प्रत्येकी ३० पॅक करतात, म्हणजे १८० ला दीड तास, म्हणून पॅकिंग ३ ला सुरू. पिकिंग बघू: १८० मध्ये १०८ सिंगल आणि ७२ मल्टी, म्हणजे सिंगलच्या चार फेऱ्या आणि मल्टीच्या सहा. आपल्या हिशोबाने सिंगलची फेरी १४ मिनिटांची, मल्टीची २० मिनिटांची, एकूण १७६ मिनिटं. दोन पिकर असतील तर ८८ मिनिटं. वेव्ह अडीचला सोडली तर ४ च्या सुमारास पिकिंग संपतं, आणि टेबलांना ३ च्या आधीच माल मिळू लागतो. म्हणून या गाडीसाठी ऑर्डर घेण्याची शेवटची वेळ सव्वादोन. वेबसाइटवर ‘४ पर्यंत मागवा, आजच निघेल’ असं लिहिलं असेल तर मार्केटिंगला हा हिशोब दाखवा.

वेव्हच्या आतला क्रमही महत्त्वाचा. पहिली फेरी सिंगलची सोडा, म्हणजे पंधरा मिनिटांत टेबलांना काम मिळतं. मग मल्टी सगळ्या काढा. शॉर्ट सापडायचे ते तिथेच सापडतात, आणि लवकर सापडले तर दुसऱ्या जागेहून माल आणायला वेळ राहतो. उरलेल्या सिंगल शेवटी. त्यातली एखादी राहिली तरी बाकी कुणाला अडवत नाही.

वेव्हचा तोटा शेवटच्या वीस मिनिटांत दिसतो. पिकर मोकळे होतात, पॅकर घाईत असतात, आणि पुढची वेव्ह अजून सोडलेली नसते. म्हणून आधीची वेव्ह पॅकिंगमध्ये असतानाच पुढची पिकिंगला सोडायची. दोन्ही वेव्हचे टोट मिसळू नयेत म्हणून टोटचे रंग वेगळे ठेवा. दिवसात एकच गाडी येत असेल, किंवा ऑर्डरी दिवसभर सारख्याच गतीने येत असतील, तर वेव्हच्या भानगडीत न पडता बारा मल्टी जमल्या की बॅच सोडत राहा. गाडीला तासभर उरला की नव्या बॅच फक्त त्याच गाडीच्या ऑर्डरींच्या काढा.

बदल कसा करायचा

पहिल्या आठवड्यात फक्त सिंगल वेगळ्या करा आणि त्यांची बॅच लावा. मल्टी एकेकच राहू द्या. दुसऱ्या आठवड्यात एक ट्रॉली, एक अनुभवी पिकर, बारा टोट. आठवडाभर दोन्ही प्रकारच्या मल्टी शेजारी-शेजारी चालू द्या आणि तासाला किती ओळी निघाल्या ते मोजा. मोजताना घड्याळ पिकलिस्ट हाती आल्यापासून सुरू करा आणि टोट पॅकरच्या हाती पूर्ण पोहोचल्यावर थांबवा. टोट जोडण्याचा, सॉर्टिंगचा आणि जोडणीच्या रॅकवर थांबण्याचा वेळ त्यातून वगळला तर बॅच आणि झोन नेहमीच जिंकलेले दिसतील. त्याच आठवड्याच्या चुकीच्या मालाच्या तक्रारीही पद्धतीनुसार वेगळ्या नोंदवा. परत आलेल्या एका पार्सलचं जाण्या-येण्याचं भाडं आणि पुन्हा पाठवण्याचा खर्च धरला, की वाचलेल्या मिनिटांपैकी किती हाती उरली ते त्याच कागदावर दिसतं.